पितळी हँडल, काळे दिवे, क्रोमचे नळ: एकाच घरात कसे बसवायचे

प्रश्न: पुण्यात टू बीएचके घेतला आहे, हॉल आणि किचन एकच मोकळं आहे. बिल्डरने किचनचा नळ आणि दोन्ही बाथरूमची फिटिंग क्रोमची दिली आहेत, ती बदलायची इच्छा नाही. बायकोला किचनच्या ट्रॉल्यांना पितळी हँडल हवीत. मला दिवे काळे आवडतात, आणि एका दुकानात काळा नळही फार आवडलाय. आई म्हणते, "तीन रंगांचं लोखंड लावून घराचं भंगारवाल्याचं दुकान करू नका." कुठे काय लावलं तर विसंगत दिसणार नाही?

उत्तर:

तुमच्या आईंनी पाहिलेली विचित्र घरं मीही पाहिली आहेत, पण तिथे बहुतेक वेळा दोष तीन रंगांचा नसतो. पितळ, काळा आणि क्रोम हे एकमेकांपासून इतके लांब आहेत की ते जाणूनबुजून निवडलेत हे पाहणाऱ्याला लगेच कळतं. डोळ्याला खटकतात ते जवळजवळ सारखे असलेले दोन रंग. ट्रॉलीचं हँडल लालसर पितळी, वरच्या कपाटाचं हिरवट पितळी, दिव्याची कडी फिकट शॅम्पेन, असं झालं की बघणाऱ्याला वाटतं, यांना एकच रंग हवा होता आणि तो जमला नाही. पांढऱ्या धातूंतही तेच होतं. क्रोमला आरशाची चकाकी आणि किंचित निळसर झाक असते, स्टील राखाडी असतं, ब्रश्ड निकेलला हलका पिवळटपणा असतो. निकेलचं हँडल स्टीलच्या फ्रिजशेजारी आलं की ते जुनं झालेलं स्टीलच वाटतं.

म्हणून मी घर ठरवताना पहिली अट ही घालते: प्रत्येक धातूचा एकच अवतार. पितळ ब्रश्ड असेल तर नजरेच्या टप्प्यात सगळीकडे ब्रश्ड. काळा मॅट असेल तर सगळीकडे मॅट, मधेच चकचकीत काळा नको. ही एक अट पाळली तर तीन रंग सहज चालतात, आणि मोडली तर दोन रंगही चालत नाहीत.

काळ्याबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. काळा डोळ्याला धातू म्हणून जाणवतच नाही, तो रेघ म्हणून जाणवतो. खिडकीची चौकट, लटकत्या दिव्याची वायर, आरशाची कड, अशा बारीक जागी तो छान बसतो आणि कुठल्याच धातूशी भांडत नाही. त्यामुळे तुमच्याकडे खरा निर्णय दोनच धातूंचा आहे: पिवळा पितळ आणि पांढरा क्रोम. आणि त्या दोघांना समान वाटा द्यायचा नाही. अर्ध्या ट्रॉल्यांना पितळी आणि अर्ध्यांना क्रोम, असं मिश्रण कुठल्याही नियमात बसवलं तरी फसतं. एका नजरेत एक धातू यजमान आणि दुसरा पाहुणा.

"एका नजरेत" हे शब्द मी मुद्दाम वापरतेय. लोक खोलीनुसार विचार करतात, पण डोळ्याला भिंतीचा हिशेब कळत नाही, विशेषतः तुमच्यासारख्या मोकळ्या हॉल-किचनमध्ये. मुख्य दारात उभं राहा, मग सोफ्याच्या जागी बसा, मग ओट्यासमोर उभं राहा. या तीन जागांवरून काय काय दिसतं ते कागदावर लिहा. हँडल आणि नळ लिहून थांबू नका, आधीपासून घरात येणारा धातूही लिहा: फ्रिज, चिमणी, गॅसचा हॉब, सिंक, पडद्याचा दांडा, खिडकीची स्लायडिंग चौकट, पंखा. पंखा सगळे विसरतात. हल्लीच्या बऱ्याच पंख्यांना मधोमध सोनेरी किंवा क्रोमची कडी असते आणि ती हॉलच्या अगदी मध्यावर लटकत असते. पंखा अजून घेतला नसेल तर साधा पांढरा किंवा काळा घ्या, कडी नसलेला.

आता तुमचं किचन प्रत्यक्ष मांडून बघू. ओटा साधारण दहा फुटांचा, खाली ट्रॉल्या, वर कपाटं, बाजूला उंच युनिट, असं धरलं तर अठरा-वीस हँडल होतात. वीस हँडल पितळी म्हणजे किचनचा यजमान ठरलाच, तो पितळ. बायकोचा हट्ट आधी मान्य करा, कारण संख्येने तीच बाजू भारी आहे. हँडल ब्रश्ड पितळी घ्या. चकचकीत पितळ किचनमध्ये मी टाळते. त्यावर तेलकट बोटांचे ठसे दिसतात, आणि ओट्यावरच्या पट्टीदिव्यांचा उजेड वीस जागी चमकतो.

नळ क्रोमचाच राहू द्या. सिंक बहुधा स्टीलचं मॅट असेल, त्यावर क्रोमचा चकचकीत नळ चालतो. दोन्ही पांढरे धातू असले तरी एक मंद आणि एक आरशासारखा आहे, म्हणजे फरक पुरेसा मोठा आहे. शिवाय नळ आणि सिंक मिळून पाण्याची एक जागा होते, आणि ती जागा पांढऱ्या धातूची असणं डोळ्याला सवयीचं आहे. दोघे एकमेकांना साथ देत असल्यामुळे क्रोम किचनमध्ये एकटा पडत नाही. मी कुठल्याही धातूला एकाच जागी ठेवत नाही. एका नजरेत तो किमान दोनदा तरी दिसला पाहिजे. एकदाच आला तर उरलेला तुकडा वापरल्यासारखा वाटतो.

हाच हिशेब काळ्याला लावा. तुमचा हॉब काळ्या काचेचा असेल, खिडकीची चौकट काळ्या पावडर कोटिंगची असेल, तर ब्रेकफास्ट काउंटरवर लटकणारे दोन काळे दिवे तिसरी हजेरी लावतात. आणि इथे एक छान संधी आहे. बाहेरून मॅट काळा आणि आतून पितळी रंगाचा डोम मिळतो, तोच घ्या. दिवा लागला की आतला पितळी भाग उजेडात न्हाऊन निघतो, त्यामुळे तो हँडलच्या पितळाशी अगदी तंतोतंत जुळला नाही तरी कोणाला कळत नाही. पितळाला किचनबाहेर हॉलकडे न्यायची ही सर्वात सुरक्षित वाट आहे. तुमच्या हॉबचे बर्नर बघा, तेही बहुधा पितळेचे असतील. देवघर हॉलमध्येच असेल तर समई, घंटा, निरांजन हेही आलंच. आपल्या घरात पितळ कधी परकं नसतं. हँडलमुळे ते फक्त ओट्याखाली येतंय.

काळ्या नळाबद्दल मात्र मी तुम्हाला थांबवेन, आणि कारण रंगाचं नाही, पाण्याचं आहे. तुमच्या सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर ते बहुधा जड असतं. पाण्याचा थेंब वाळला की त्यातले कॅल्शियमचे क्षार पांढरा डाग बनून मागे राहतात. क्रोमवरही ते बसतातच, पण पांढऱ्यावर पांढरं फारसं दिसत नाही आणि पाणी घातलेल्या व्हिनेगरच्या फडक्याने निघतं. काळ्या मॅटवर तोच डाग चुना उडाल्यासारखा उठून दिसतो. मग घरातलं कोणीतरी घासणी घेतं, आणि पावडर कोटिंग असेल तर काही महिन्यांत कडा चमकायला लागतात. महापालिकेचं गोड पाणी चोवीस तास येत असेल आणि रोज नळ कोरडा पुसणारं कोणी असेल तर जरूर लावा. नाहीतर तुमची काळ्याची हौस जिथे पाणी पोहोचत नाही तिथे भागवा: दिवे, पडद्याचे दांडे, दारांची हँडल.

दारांची हँडल हा वेगळाच प्रश्न आहे, कारण दार दोन खोल्यांत असतं. बेडरूमचं हँडल आतून कपाटांशी बोलतं, बाहेरून हॉलशी. बाथरूमचं आतून क्रोमशी, बाहेरून पॅसेजशी. दोन बाजूंना दोन रंग लावायचा उद्योग करू नका, कुलूप सेट म्हणून येतं. सगळ्या आतल्या दारांना एकच रंग ठेवा, आणि तुमच्या घरात तो मॅट काळा असावा असं माझं मत आहे, कारण तो दोन्ही बाजूंना गप्प बसतो. बिजागऱ्या स्टीलच्या राहिल्या तरी चालेल. दार बंद असताना त्या फारशा दिसत नाहीत, आणि उघडं असताना कोणी दाराच्या कडेकडे बघत नाही. फक्त मुख्य दार पितळी करू शकता: हँडल, पीपहोल, कडी आणि नावाची पाटी, सगळं एकाच पितळात. ते बाहेरच्या पॅसेजमधून दिसतं, घरातल्या कशाशी त्याची तुलना होत नाही.

आता पितळ कसं जुळवायचं. रंगाच्या नावांवर विश्वास ठेवू नका. ब्रश्ड गोल्ड, सॅटिन ब्रास, शॅम्पेन, अँटिक ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने देते. एकीचं ब्रश्ड गोल्ड दुसरीच्या सॅटिन ब्रासपेक्षा जास्त पिवळं निघतं. आधी हँडल ठरवा, कारण त्यांची संख्या जास्त. एक नमुना विकत घ्या, मग दिव्यांच्या दुकानात तो खिशातून काढून वस्तूला चिकटवून धरा. मोबाइलमधला फोटो चालत नाही; कॅमेरा पिवळा रंग स्वतःच्या मनाने बदलतो. दुकानातल्या पांढऱ्या प्रखर उजेडावरही निर्णय घेऊ नका, दोन्ही वस्तू दारापाशी दिवसाच्या उजेडात न्या. तीन-चार फुटांवरून बघा. दोन्ही एकच वाटले तर उत्तम. उघड वेगळे वाटले, म्हणजे एक गडद अँटिक आणि एक फिकट, तरी चालतील. "एकच आहेत ना हे?" असा प्रश्न पडला तर तो जोड सोडा.

हँडल सगळी एकाच वेळी, एकाच खोक्यांच्या लॉटमधून घ्या आणि दोन-तीन जास्तीची घ्या. वर्षभराने त्याच मॉडेलचं हँडल आणलं तर रंगात थोडा फरक येतोच.

घेताना आत काय आहे तेही बघा. लोक चुंबक लावून बघतात, पण त्याने फक्त लोखंड कळतं; पितळ आणि जस्ताचा मिश्रधातू दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. त्यापेक्षा हँडल उलटं करून स्क्रूच्या भोकात डोकावा. आत पिवळं दिसलं तर पितळ, राखाडी दिसलं तर जस्ताचा मिश्रधातू किंवा ॲल्युमिनियम. राखाडी म्हणजे वाईट असं नाही, वीस भरीव पितळी हँडलांचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही. मात्र वरचा थर कसला आहे ते विचारा. पीव्हीडी असेल तर तो निर्वात पेटीत टायटॅनियम किंवा झिर्कोनियमच्या संयुगाचा अतिशय पातळ आणि कठीण थर चढवून केलेला असतो, सहज ओरखडत नाही. साधा मुलामा आणि त्यावर लॅकरचा पारदर्शक थर असेल तर रोज हात लागणाऱ्या जागी, म्हणजे कचऱ्याच्या डब्याची ट्रॉली, सिंकखालचं दार, तिथे तो आधी जातो. एक विनोद असा की तुमच्या क्रोमच्या नळाचं अंगही बहुधा पितळेचंच आहे. त्यावर निकेल आणि निकेलवर क्रोमचा मायक्रॉनहून पातळ थर एवढंच.

लॅकर नसलेलं खरं पितळही मिळतं. ते हाताच्या घामाने आणि हवेने काळवंडत जातं, काहींना तेच हवं असतं. पण मग वीसही हँडल वेगवेगळ्या वेगाने काळवंडतील: मसाल्याच्या ट्रॉलीचं लवकर, वरच्या कपाटाचं उशिरा. म्हणजे एक धातू, एक अवतार ही अट आपोआप मोडते. मुंबई, कोकण, गोवा या बाजूला खाऱ्या हवेत हे आणखी जलद होतं, आणि तिथे जस्ताच्या स्वस्त हँडलवरचा क्रोमही पुळ्या आल्यासारखा फुगतो. पुण्यात एवढी चिंता नाही.

एवढं सगळं जुळवूनही घर रात्री बिघडलेलं दिसतं, ते बल्बमुळे. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या उजेडात पितळ हिरवट, लिंबाच्या सालीसारखं दिसतं आणि क्रोम जास्तच निळा. २७०० केल्विनच्या पिवळ्या उजेडात क्रोम स्वतःच पिवळा दिसायला लागतो, कारण त्याला स्वतःचा रंगच नाही, तो समोरचं दाखवतो. दोन्ही धातू एकत्र असलेल्या जागी मी ३००० केल्विन वापरते, फार तर ओट्यावरच्या पट्टीला ४०००. महत्त्वाचं असं की ही पट्टी सोडली तर एका नजरेत दिसणारे बाकीचे सगळे दिवे एकाच केल्विनचे हवेत. छतावरचे पॅनल ६५०० आणि लटकते डोम ३००० असं असेल तर एकाच ओळीतली हँडल दोन लॉटची वाटतात. इलेक्ट्रिशियन बहुतेक वेळा हातात येईल तो बल्ब लावतो, म्हणून खोक्यावरचा आकडा स्वतः वाचा.

बाथरूममध्ये फार काही करू नका. बिल्डरचं क्रोम तसंच ठेवा. लोकांना वाटतं फक्त नळ आणि शॉवर बदलला की झालं. प्रत्यक्षात तिथे दिसणाऱ्या धातूची यादी लांब आहे: बेसिनचा नळ, त्याखालचा बॉटल ट्रॅप, वेस्ट कपलिंग, अँगल कॉक, शॉवर, डायव्हर्टरची प्लेट, स्पाउट, जेट स्प्रे आणि त्याची नळी, फ्लशची प्लेट, जमिनीवरची जाळी, टॉवेल रॉड, काचेच्या पार्टिशनच्या क्लिपा. यातलं निम्मं पितळी केलं आणि निम्मं क्रोम राहिलं की आईंचं भंगारवाल्याचं दुकान खरंच तयार होतं. त्यात भिंतीतल्या डायव्हर्टरवर दुसऱ्या कंपनीची प्लेट सहसा बसत नाही. म्हणजे रंग बदलायचा तर त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं मिळायला हवं, नाहीतर टाइल फोडायची. क्रोम सगळीकडे आहे हीच तुमच्या बाथरूमची शिस्त आहे. काळा फक्त आरशाच्या बारीक चौकटीत आणि आरशावरच्या दिव्यात आणा, त्या दोन हजेऱ्या पुरे. पितळ आत आणायचं नाही.

बसवण्याच्या वेळी दोन-तीन गोष्टींवर लक्ष ठेवा, कारण निवडीपेक्षा जास्त नुकसान तिथे होतं. टाइल्सवरचा सिमेंट आणि ग्राउटचा राप काढायला कामगार ॲसिड वापरतात. ते ॲसिड थेट लागलं नाही तरी त्याच्या वाफेने क्रोमवर आणि स्टीलवर डाग पडतात, काळा आणि सोनेरी थर तर कायमचा जातो. त्यामुळे हँडल, नवे नळ, दिवे हे सगळं ॲसिडची धुलाई होऊन, दोनदा पाण्याने धुऊन, खिडक्या एक दिवस उघड्या ठेवल्यानंतरच खोक्यातून काढायचं. बिल्डरचे नळ आधीच बसलेले असतील तर ते प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळायला सांगा, आणि शक्य असेल तर ॲसिड नकोच म्हणा. प्लंबरचा दात्यांचा पाना नळाच्या उघड्या अंगावर लागू देऊ नका. क्रोमवर ती खूण थोडी लपते, काळ्यावर आणि पितळी थरावर आयुष्यभर दिसते.

आणि घरात सर्वांना सांगून ठेवा की हँडल पितांबरीने घासायची नाहीत. समईला ती चालते, कारण समई आरपार पितळ आहे. वरचा मळकट थर निघून खालचं नवं पितळ दिसतं. हँडलचा वरचा थर निघाला की खाली राखाडी जस्त दिसेल. हँडल ओल्या मऊ फडक्याने, भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने पुसायची, मग कोरडी करायची. क्रोमच्या नळावरचे क्षार पाणी घातलेल्या व्हिनेगरच्या फडक्याने दोन-तीन मिनिटांत सुटतात. लगेच धुऊन टाका. काळ्या आणि सोनेरी थरावर व्हिनेगरही वापरण्याआधी खोक्यातला देखभालीचा कागद वाचा, काही कंपन्या त्यालाही मनाई करतात.

सुताराने भोकं पाडण्याआधी एक दिवस दोन हँडल चिकटपट्टीने ट्रॉलीला आणि वरच्या कपाटाला लावून ठेवा, एकदा सकाळी बघा आणि एकदा दिवे लावून. हँडलच्या दोन स्क्रूंमधलं अंतर ९६, १२८, १६० किंवा १९२ मिलिमीटर अशा ठरलेल्या मापांचंच घ्या. ही सगळी ३२ च्या पटीत असतात आणि बहुतेक कंपन्यांकडे मिळतात. मोठ्या ट्रॉल्यांना १६०, लहानांना १२८ बरं दिसतं. काहीतरी वेगळ्या मापाचं, एखाद्याच दुकानात मिळणारं हँडल घेतलंत तर पुढे पितळाचा कंटाळा आल्यावर नव्या हँडलला जुनी भोकं जुळणार नाहीत आणि ट्रॉल्या-कपाटांची दारंसुद्धा बदलावी लागतील.